मराठी-इंग्रजी मिक्स स्क्रिप्ट लिहायची तर सांधे कसे जुळवायचे

व्हिडिओसाठी मिक्स भाषेत लिहायला बसलेलं नवीन पोरगं सगळ्यात आधी एकच विचारतं, इंग्रजी किती टाकायचं? तीस टक्के का पन्नास टक्के? मला हा प्रश्न लई जणांनी विचारलाय आणि माझं उत्तर दरवेळी हेच असतंय की टक्के मोजू नका. ज्या वाक्यात दहातले पाच शब्द इंग्रजी आहेत ते कानाला एकदम घरचं वाटू शकतं, अन् ज्यात एक-दोनच इंग्रजी शब्द आहेत ते ओढूनताणून आणलेलं वाटू शकतं. "लॅपटॉप हँग झालाय, रिस्टार्ट करून बघ, नाहीतर चार्जर चेक कर" यात बघा किती इंग्रजी आहे, पण परभणीतला कुठलाही पोरगा हे असंच बोलतो. आणि "मी रूम फाइंड करतोय" यात इंग्रजी शब्द दोनच आहेत तरी कुणीच असं बोलत नाही. गडबड होते ती सांध्यावर, म्हणजे इंग्रजी शब्द मराठी वाक्याला जिथं चिकटतो तिथं. या लेखात आपण फक्त तेवढंच बघू, एका मिनिटाची एक स्क्रिप्ट घेऊन.

स्क्रिप्ट कशाची, तर लातूर, नांदेड, हिंगोलीकडून संभाजीनगरला शिकायला आलेल्या पोरापोरींसाठी, पहिली रूम भाड्यानं घेताना डिपॉझिट कसं अडकतं त्याची. माझा बोलायचा वेग धरला तर एका मिनिटात १२० ते १३० शब्द बसतात, तेवढीच जागा आहे.

आधी बोला, मग लिहा

कागद घ्यायच्या आधी फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि एका खऱ्या माणसाला सांगतोय असं समजून विषय सांगून टाका. खरा माणूस म्हणजे मावसभाऊ, हॉस्टेलमधली ज्युनियर, जिचं नाव घेऊन तुम्ही बोलू शकता अशी. "यंग ऑडियन्स"ला बोलायला गेलं की आवाज लगेच बातम्या सांगितल्यासारखा होतो. दोन-तीन मिनिटं अडखळत, वाकडंतिकडं बोला, चालतंय. मग ते ऐकत ऐकत जसंच्या तसं उतरवून काढा, "म्हणजे", "ते हे", "बरं का" सगळ्यासकट. हे उतरवणं कंटाळवाणं आहे पण ते टाळू नका, कारण तुमच्या तोंडात कुठला शब्द इंग्रजीत येतो अन् कुठला मराठीत, हे फक्त तिथंच खरं सापडतं. थेट लिहायला बसलं की हात शाळेतल्या निबंधाकडं जातो, नाहीतर कुठल्यातरी इंग्रजी व्हिडिओच्या साच्याकडं.

माझ्यासोबत शिकायला बसणाऱ्या एका पोरानं ही पायरी सोडून पहिला ड्राफ्ट आणला होता, त्याला विचारून इथं देतोय:

"हाय गाईज, आजच्या व्हिडिओमध्ये आपण डिस्कस करणार आहोत की न्यू सिटीमध्ये रूम फाइंड करताना कोणते मिस्टेक्स अव्हॉइड करायचे. फर्स्ट थिंग म्हणजे डिपॉझिट. नेव्हर पे फुल डिपॉझिट बिफोर सीइंग द रूम. सेकंडली, ओनरसोबत कम्युनिकेशन क्लिअर ठेवा."

मुद्दे बरोबर आहेत, पोरगं स्वतः त्यातून गेलेलं आहे. पण ऐकताना पाचव्या सेकंदाला कान बंद होतो. का होतो ते एकेक करून बघू.

वाक्याचा सांगाडा कुणाचा

दोन भाषा मिसळून बोलताना एक भाषा वाक्याचा सांगाडा देते, दुसरी त्यात शब्द पुरवते. कॅरल मायर्स-स्कॉटन या भाषाअभ्यासक बाईंनी केनियातल्या स्वाहिली-इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या लोकांचं बोलणं तपासून १९९३ मध्ये ही गोष्ट नीट मांडली, आणि आपल्या बोलण्याला पण ती बरीच लागू पडते. आपल्याकडं सांगाडा मराठीचा. म्हणजे शब्दांचा क्रम, विभक्तीचे प्रत्यय, "आहे-होता-केलं", "मी-तू-त्याला", हे मराठीतच राहतं. नाम, विशेषण, क्रियेचं नाव, एवढं इंग्रजीतून येतं.

मराठवाड्यात तर हे नवीन पण नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग हैदराबाद संस्थानात होता, कारभार उर्दूत चालायचा, अन् अर्ज, हजर, जमा, माफ असे शब्द तर त्याच्याही आधीपासून मराठीत येऊन बसलेत. ते कसे बसले बघा. अर्ज करणे, जमा करणे, हजर होणे. बाहेरचा शब्द घ्यायचा आणि त्याला आपलं "करणे" नाहीतर "होणे" लावायचं. चेक करणे, डिलीट होणे, हे त्याच साच्यातून निघालंय. म्हणून ते खुपत नाही.

आता ड्राफ्टमधलं "नेव्हर पे फुल डिपॉझिट बिफोर सीइंग द रूम" बघा. इथं सांगाडाच इंग्रजीचा झाला, आणि का झाला त्याला काही कारण नाही. अख्खं वाक्य दुसऱ्या भाषेत जायला बोलण्यात कारण लागतं, सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगणं. सर काय म्हणले, एचआर काय म्हणाली, रिक्षावाले चाचा काय म्हणले. आपल्याकडं ही तिसरी भाषा विसरू नका. संभाजीनगरात स्टँडवर, चहाच्या टपरीवर आपली ती दखनी वळणाची हिंदी सतत कानावर असते, ती स्क्रिप्टमध्ये यायलाच पाहिजे, पण ज्याच्या तोंडची आहे त्याच्या तोंडी. निवेदकानंच मधूनच "तो दोस्तों" म्हणलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी चॅनेलवरून आणल्यासारखं वाटतं.

लिंग, प्रत्यय आणि क्रियापद

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या.

मराठीत आलेल्या प्रत्येक इंग्रजी नामाला आपण लिंग देतो, कुणी शिकवत नाही तरी. रूम ती. फोन तो. डिपॉझिट ते. लिंक ती, व्हिडिओ तो, बिल ते, मिस्टेक ती. एकदा लिंग बसलं की विशेषण आणि भूतकाळातलं क्रियापद त्याच्यामागं फिरतं: रूम बघितली, फोन केला, डिपॉझिट दिलं. आता "कोणते मिस्टेक्स" ऐका. मिस्टेक ती आहे, म्हणून "कोणत्या मिस्टेक" पाहिजे, आणि शेवटचा तो स इंग्रजी अनेकवचनाचा, तो पण नको. बोलताना आपण "दोन मिस्टेक झाल्या" म्हणतो, अनेकवचन क्रियापदातूनच कळतं. फाइल्स, बसेस असे काही शब्द स-सकट रुळलेत, ते तसेच राहू द्या, पण नवीन शब्दाला आपल्या हातानं स लावू नका. लिंगाबद्दल शंका आली तर डोक्यानं ठरवू नका, त्याचं भूतकाळातलं वाक्य पटकन तोंडानं बोलून बघा, जीभ बरोबर सांगते. काही शब्दांचं गावोगाव वेगळं असतंय, रील कुणी "टाकली" म्हणतं कुणी "टाकला", तिथं तुमच्या घरचं जे असेल ते ठेवा, फक्त एका स्क्रिप्टमध्ये दोन्ही नको.

प्रत्ययाचं असं आहे की शब्द जितका जुना रुळलेला, तितका तो मराठी शब्दासारखा वाकतो. बँकेचं "बँकेत" होतं, कोर्टाचं "कोर्टात", पेन्सिलचं "पेन्सिलीनं". नवा शब्द वाकत नाही, त्याला मागनं जोडून घ्यावं लागतं: लॅपटॉपवर, ॲपमध्ये, लिंकला. नवशिके काय करतात, सगळ्यालाच "मध्ये" लावतात, कारण लिहायला सोपं. "बँकमध्ये गेलो" असं लिहिलं की बोलणारा माणूस लांबचा वाटायला लागतो. ड्राफ्टमधलं "न्यू सिटीमध्ये" पण तसंच. तिथं "सिटी" हा शब्द वाईट नाही, गावाकडचे लोक "सिटीत राहतो" म्हणतातच, पण "न्यू" लागलं की गेलं. नवीन, जुनं, मोठं, लहान ही रोजची विशेषणं आपण मराठीतच बोलतो. इंग्रजी विशेषण येतं ते जास्त करून वाक्याच्या शेवटाकडं, "रूम एकदम कूल आहे", "बिल सेपरेट आहे".

क्रियापदाचा नियम मी असा पाळतो: ज्या कामाला रोजचं मराठी क्रियापद जिवंत आहे, तिथं इंग्रजी आणायचं नाही. शोधणे, बघणे, देणे, मागणे, राहणे. म्हणून "फाइंड करताना" कटलं. पण "अव्हॉइड"चं जरा वेगळं आहे, ते पूर्ण बाद नाही. "तो मला अव्हॉइड करायलाय" हे कॉलेजातली पोरं रोज बोलतात, माणसाच्या बाबतीत. चुकीच्या बाबतीत कुणी अव्हॉइड म्हणत नाही, चूक टाळतात. "डिस्कस" पण तसंच, ग्रुपमध्ये "नंतर डिस्कस करू" चालतं, एकट्यानं कॅमेऱ्यासमोर बसून "आपण डिस्कस करणार आहोत" म्हणलं तर समोर कुणीच नसतं डिस्कस करायला. म्हणजे शब्द मराठीत आलाय एवढं बघून भागत नाही, कुठल्या कामासाठी आलाय ते बघावं लागतं. शब्दकोशात हे मिळत नाही, स्वतःच्या रेकॉर्डिंगमध्ये मिळतं.

आकडे

थोडक्यात सांगतो. मार्क आणि फोन नंबर इंग्रजीत येतात, "नाइन्टी टू परसेंट". वर्ग बारावीपर्यंत मराठीत अन् त्याच्यापुढं "फर्स्ट इयर, सेकंड इयर". पैसे मात्र बरेच मराठीत राहतात, खास करून दीड, अडीच, साडेतीन, कारण एवढं सुटसुटीत इंग्रजीत बोलताच येत नाही. "डिपॉझिट दीड महिन्याचं" हे असंच लिहा. एकोणसत्तर, एकोणऐंशी असले आकडे इंग्लिश मीडियमच्या पोरांना ऐकून लगेच लागत नाहीत, ते आले तर आकडा स्क्रीनवर दाखवा.

मराठवाडी बोली किती

हा नाजूक भाग आहे आणि यात माझं मत ठाम आहे. आपली बोली विनोदासाठी वापरलेली आपण लई बघितली. प्रत्येक वाक्यात "लई" अन् "बे" टाकला की मराठवाडी झालं, असं बाहेरच्याला वाटतं, आणि आपलीच पोरं मग तेच उचलतात. बोलीची खरी ओळख क्रियापदात असते. लातूर-नांदेडकडं "काय करायलास", "मी जायलो", "पाणी येईना गेलंय". संभाजीनगर-जालन्याकडं "करू राहिलो" पण कानावर पडतं. तुम्ही ज्या गावचे त्या गावचं रूप घ्या, दुसऱ्याचं नको, कारण लातूरचा माणूस एका वाक्यात ओळखतो की हे उसनं आहे.

किती घ्यायचं? मी एका मिनिटात दोन-तीन जागा धरतो, आणि त्या पण जिथं माणूस आपुलकीनं विचारतो नाहीतर वैतागतो अशा. माहिती सांगताना भाषा आपोआप जरा सरळ होते, खऱ्या बोलण्यात पण होते. पुण्या-मुंबईतल्या ऐकणाऱ्याला "शोधायलात" हे संदर्भावरून कळतं, त्यासाठी खाली अर्थ द्यायची गरज नाही.

आता तीच स्क्रिप्ट परत

त्या पोराला मी रेकॉर्डर दिला अन् म्हणलं, तुझ्या मावसभावाला सांग काय झालं होतं. त्यातून उतरवून, कापून, हे उरलं:

"संभाजीनगरला नवीन आलात अन् रूम शोधायलात? मग आधी माझं ऐका. मी रूम न बघताच डिपॉझिट टाकलं होतं, ऑनलाइन. फोटोत रूम भारी. मोठी खिडकी, स्टडी टेबल, सगळं. बॅग घेऊन स्टँडवर उतरलो, रिक्षावाले चाचा रस्त्यात म्हणले, 'बेटा, पहले रूम देखने का, पैसा बाद में.' तोवर उशीर झाला होता. गेलो तर रूम वेगळीच, खिडकी नाहीच. डिपॉझिट परत मागितलं तर ओनर म्हणे, नॉन-रिफंडेबल असतंय. म्हणून तीन गोष्टी सांगतो. रूम स्वतः जाऊन बघा, आणि नळाला किती दिवसाआड पाणी येतं ते शेजारच्या रूमवाल्याला विचारा, ओनरला नाही. लाइट बिल भाड्यातच आहे का सेपरेट, ते क्लिअर करून घ्या. आणि डिपॉझिट किती, परत कधी मिळणार, नोटीस किती दिवसांची, हे ओनरकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी बोललेलं नंतर कुणालाच आठवत नाही."

साधारण एका मिनिटाचा मजकूर आहे. इंग्रजी शब्द मोजले तर पहिल्या ड्राफ्टपेक्षा फार कमी नाहीत, रूम, डिपॉझिट, ऑनलाइन, फोटो, स्टडी टेबल, बॅग, स्टँड, नॉन-रिफंडेबल, बिल, सेपरेट, क्लिअर, नोटीस, ओनर. पण प्रत्येकाला तिथं असायचं कारण आहे. "नॉन-रिफंडेबल" हा त्या माणसानं तोंडावर फेकलेला शब्द आहे, त्याचं मराठी केलं तर तो धक्काच जातो. आणि त्याला लागून आलेलं "असतंय" बघा, इंग्रजी शब्दाला बोलीतलं क्रियापद, हा सांधा इतका घट्ट बसलाय की तिथं कुणी काही केल्यासारखंच वाटत नाही. "कम्युनिकेशन क्लिअर ठेवा" यातला क्लिअर राहिला, कारण "क्लिअर करून घ्या" हे आपण रोज बोलतो, कम्युनिकेशन गेलं, कारण त्याच्यामागं काय करायचं तेच लपलं होतं. असं बऱ्याचदा होतं बरं का, मोठा इंग्रजी शब्द काढला की लक्षात येतं आपण नेमकं काही सांगितलंच नव्हतं.

"हाय गाईज" पण गेलं. पहिल्याच वाक्यात ऐकणाऱ्याचं काम आलं, रूम शोधणं, मग वेगळं बोलवायची गरज राहिली नाही.

वाचायची कॉपी

शूटला समोर धरायची कॉपी अख्खी देवनागरीत काढा, इंग्रजी शब्दांसकट. हे मला लई उशिरा कळलं. कागदावर deposit असं रोमन अक्षरात दिसलं की वाचताना तोंड आपोआप इंग्रजी उच्चाराकडं वळतं, त्या एका शब्दापुरता आवाज बदलतो, अन् परत मराठीवर येताना बारीक अडखळ राहते. डिपॉझिट असं लिहिलेलं असलं की तुमचा नेहमीचा उच्चार येतो. स्क्रीनवरच्या बटणांची नावं, Share, Settings, ती मात्र दाखवताना जशी दिसतात तशीच ठेवा, बघणारा ती अक्षरं शोधणार असतो.

ऐकवून बघायची पद्धत

शूटच्या आधी दोघांना वाचून दाखवा, एक तुमच्याच गावाकडचा आणि एक शहरात इंग्लिश मीडियमला शिकलेला. "कसं वाटलं" विचारू नका, लोक चांगलंच म्हणतात. त्याऐवजी म्हणा, आता हेच तू मला सांग. त्यांनी परत सांगितलेलं रेकॉर्ड करा आणि स्क्रिप्टच्या शेजारी ठेवून शब्द जुळवा. दोघांनीही जो इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवला तो पक्का. दोघांनीही जो बदलून मराठीत सांगितला, तो तुम्ही पण बदला, वाद घालू नका. एकानं ठेवला अन् एकानं बदलला, तिथं तुमचा ऐकणारा दोघांपैकी कुणाच्या जवळचा आहे ते बघून ठरवा. या स्क्रिप्टच्या मधल्या एका ड्राफ्टमध्ये "घरमालक" होतं, दोघंही परत सांगताना "ओनर" म्हणले, म्हणून ओनर आलं. आणि "विंडो" होतं तिथं दोघांनी "खिडकी" म्हणलं.

जीभ जिथं अडखळली तिथं पेन्सिलीनं खूण करा. दोनदा वाचून दोन्ही वेळा त्याच जागी अडखळला तर शब्द बदलण्याआधी प्रत्यय बघा, बऱ्याचदा तिथं "मध्ये" नाहीतर "सोबत" उगीच चिकटलेलं असतं, ते काढलं की वाक्य चालायला लागतं.